डोक्यावरून कान धरता येत नाही म्हणून...

"डॉक्टर, मुलगा 6 वर्षांचा झाला, उंची 94 सेमी. तालुक्याच्या डॉक्टरांनी एक्सरे काढून अकॉन्ड्रोप्लेजिया लिहून दिलंय. जाऊबाईंचा मुलगा 9 वर्षांचा, तोही बुटकाच, त्याला ग्रोथ हार्मोनची इंजेक्शनं चालू आहेत आणि वर्षात 9 सेमी वाढला. घरचे म्हणतात एकाच घरातली दोन पोरं बुटकी म्हणजे आजार एकच, आपणही तीच इंजेक्शनं सुरू करू. सासरे म्हणतात याचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लागत नाही म्हणजे वय भरलं नाही, पहिलीत पुढच्या वर्षी घालू. सासूबाई ग्रहणाचं काढतात. आमच्या दोघांच्या घराण्यात असं कुणीच नाही. काय करू? – एक आई, सांगली जिल्हा"

ताई, मी कानापासूनच सुरू करते, कारण तुमच्या सगळ्या पत्राचं उत्तर त्या कानातच आहे. जन्मतारखेचे दाखले नव्हते तेव्हा गावोगावचे मास्तर हेच करायचे, पोराला म्हणायचे उजवा हात डोक्यावरून ने आणि डावा कान धर, धरला की घाल पहिलीत. यात शास्त्र होतं बरं का. लहान बाळाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं आणि हात आखूड असतात, पुढे डोकं फारसं वाढत नाही आणि हात वाढत राहतात, आणि साधारण सहाव्या वर्षाच्या आसपास हात कानापर्यंत पोचतो. म्हणजे मास्तर वय मोजत नव्हते, डोकं आणि हात यांचं प्रमाण मोजत होते, आणि बहुतेक मुलांमध्ये प्रमाणावरून वय कळतं म्हणून ते चालून जायचं. अकॉन्ड्रोप्लेजिया हा हाडांच्या वाढीचा जन्मजात आजार, त्यात हातपाय आखूड राहतात, म्हणून तुमच्या मुलात नेमकं ते प्रमाणच वेगळं आहे. त्याचे दंड आखूड, डोकं सरासरीपेक्षा मोठं आणि कोपर बहुतेक पूर्ण सरळ होत नसेल (बघा एकदा, हात लांब करायला सांगा, कोपरात थोडा बाक राहील). तो 15 वर्षांचा झाला तरी त्याचा हात कदाचित कानाला लागणार नाही. सासऱ्यांना सांगा, मास्तरांची परीक्षा बरोबर होती पण या पोरासाठी नव्हती. वय 6 पूर्ण आहे ना, मग पहिलीत घाला. या आजारात बुद्धी इतर मुलांसारखीच असते. चालणं बोलणं थोडं उशिरा झालं असेल तर तेही समजण्यासारखं आहे, मोठं डोकं आणि आखूड हातपाय सांभाळून उभं राहायला वेळ लागतोच.

आता इंजेक्शनांचं. त्याच्या आधी एक काम करा, टेप घ्या आणि दोन्ही पोरांना मोजा. नुसती उंची नाही, ती तर दोघांची कमीच येणार. उंची नेमकी कुठे कमी आहे ते मोजायचं.

अनवाणी, कडक जमिनीवर, भिंतीला टाच लावून उभं करा, गुडघे सरळ. पाठ पूर्ण टेकणार नाही कारण कमरेत बाक असतो, तो ओढून सरळ करायच्या नादी लागू नका. डोक्यावर पुस्तक काटकोनात ठेवून भिंतीवर खूण, ही झाली उंची. मग बेंबीपासून खाली बोटाने हलकं दाबत यायचं, ओटीपोटाच्या अगदी तळाशी, लघवीच्या जागेच्या जरा वर एक आडवं हाड लागतं, त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत सरळ खाली मोजायचं. हा खालचा भाग. उंचीतून तो वजा केला की वरचा भाग, म्हणजे धड अधिक मान अधिक डोकं. वरच्याला खालच्याने भागायचं. शेवटी दोन्ही हात आडवे पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत, म्हणजे आपली वाव. प्रत्येक माप दोनदा घ्या, दोन मापांत 1 सेमीपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा, पोरं हलतात. आणि जाडी पॅन्ट घालून मोजू नका, हाड सापडत नाही आणि अंदाजाने 3-4 सेमी चुकतात, मी दवाखान्यात शिकाऊ डॉक्टरांना पण चुकताना बघितलंय.

आकडे कसे वाचायचे ते एका उदाहरणाने सांगते. सहा वर्षांचा नेहमीच्या वाढीचा मुलगा धरा, उंची 114. त्याचा खालचा भाग साधारण 54 आणि वरचा 60 येईल, गुणोत्तर 1.1. तुमच्या मुलासारखा 94 सेमीचा अकॉन्ड्रोप्लेजियाचा मुलगा मोजला की खालचा 36 आणि वरचा 58 असं काहीतरी येतं, म्हणजे गुणोत्तर 1.6. आता दोघांतला फरक कुठे गेला ते बघा, एकूण 20 सेमी कमी, त्यातले वरच्या भागात फक्त 2 आणि पायांत तब्बल 18! म्हणून हा मुलगा वर्गात बाकावर बसला की बाकीच्यांच्या बरोबरीचा दिसतो आणि प्रार्थनेला उभा राहिला की लहान होतो. वाव नेहमीच्या मुलात या वयाला उंचीच्या जवळपास असते, एखाद दोन सेमी इकडे तिकडे, याच्यात 94 उंचीला 85 च्या आसपास भरेल. जन्मलेल्या बाळाचं गुणोत्तर 1.7 असतं, तीन वर्षाला 1.3 च्या जवळ येतं आणि दहाच्या सुमाराला 1 होतं. म्हणजे पोराचं धड सहा वर्षांचं झालं पण प्रमाण अजून तान्ह्या बाळाच्या जवळचं आहे.

आणि आता जाऊबाईंच्या मुलाला मोजा. त्याची उंची समजा 117 भरली तर खालचा भाग 57 आणि वरचा 60 च्या आसपास येईल, गुणोत्तर 1.05, नऊ वर्षाला शोभेल असंच. वाव उंचीएवढी. तो सगळीकडून सारखाच लहान आहे, जणू मोठा फोटो छोट्या साइजमध्ये प्रिंट काढावा तसा. फोटोत शेजारी काही नसेल तर त्याची उंची कमी आहे हे कळणारही नाही, फक्त आहे त्यापेक्षा लहान वयाचा वाटेल. तुमच्या मुलाचं मात्र एकट्याच्या फोटोतही कळतं. दोघं एका घरातले आहेत हा योगायोग आहे, आजार एक नाही.

असं का होतं ते समजलं की इंजेक्शनाचा वाद आपोआप मिटेल म्हणून जरा सविस्तर लिहिते. हातापायाचं लांब हाड वाढतं ते टोकापाशी असलेल्या कूर्चेच्या पट्टीतून, ज्याला ग्रोथ प्लेट म्हणतात. आधी कूर्चा तयार होते, रांगेत उभी राहते, मग तिचं हाड होतं. या पट्टीला शरीरानेच एक ब्रेक बसवलाय, एफजीएफआर3 नावाच्या जीनचा, वाढ हाताबाहेर जाऊ नये म्हणून. अकॉन्ड्रोप्लेजियात त्या जीनमधलं एकच अक्षर बदललेलं असतं आणि ब्रेक दाबलेलाच राहतो. ग्रोथ हार्मोन मुळात पुरेसं असतं, म्हणजे गाडीत पेट्रोल आहे, हँडब्रेक ओढलेला आहे. जाऊबाईंच्या मुलाचं उलट, ब्रेक ठीक आणि पेट्रोल कमी, म्हणून पेट्रोल घातल्यावर पहिल्या वर्षात 9 सेमी धावला. ब्रेक लागलेल्या गाडीत पेट्रोल ओतून थोडीफार ढकलली जाते पण अंतर फार कापलं जात नाही, आणि आखूड हातपाय व लांब धड हे प्रमाण तसंच राहतं. रोज टोचून घ्यायचं आणि खर्चही मोठा, त्यामुळे केवळ चुलत भावाला लागू पडलं म्हणून हे सुरू करू नका.

ब्रेकवरच काम करणारं औषध आहे, व्होसोरिटाइड, 2021 मध्ये युरोप आणि अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. तेही रोजचं इंजेक्शन. 121 मुलांवरच्या चाचणीत एका वर्षात खोट्या इंजेक्शनवाल्या मुलांपेक्षा सरासरी दीड सेमीच्या आसपास जास्त वाढ दिसली. ग्रोथ प्लेट उघड्या आहेत, म्हणजे हाडं अजून लांब होतायत, तोवरच उपयोग. चमत्कार नाही, पण कारणाच्या जागी बोट ठेवणारं आहे, याबद्दल जेनेटिक्सच्या डॉक्टरांशी बोला, मेडिकलवाल्याशी किंवा व्हॉट्सॲपवरच्या मंडळींशी नको.

मग डोकं मोठं का, असं तुम्ही विचारालच. डोक्याची कवटी वरच्या बाजूने कूर्चेतून बनत नाही, ती थेट पातळ पडद्यातून हाड होत जाते, तिथे हा ब्रेक आड येत नाही म्हणून कपाळ आणि कवटी छान वाढतात. पण कवटीचा तळ कूर्चेतून बनतो, तो आखूड राहतो, आणि चेहऱ्याच्या मधल्या भागाची वाढही त्याच्याबरोबर मागे पडते. म्हणून कपाळ पुढे आणि नाकाचा वरचा भाग बसका. आता हे नुसतं दिसण्याचं प्रकरण नाही ताई. कवटीच्या तळाला जे भोक असतं, ज्यातून मज्जारज्जू खाली उतरतो, तेही लहान राहतं. याचा सगळ्यात जास्त धोका पहिल्या दोन वर्षांत असतो, तुमचा मुलगा त्यातून पुढे आलाय, तरी बघायचंच. रात्री घोरतो का, झोपेत मधेच श्वास थांबून मग दचकून घेतो का, मान मागे टाकूनच झोपतो का, खूप घाम येतो का, चालताना पूर्वीपेक्षा लवकर थकतो किंवा पडतो का. यातलं काहीही असेल तर झोपेची तपासणी आणि गरज पडली तर मानेचा एमआरआय, यात चालढकल नको. चेहऱ्याचा मधला भाग लहान म्हणून कानात पाणी साठण्याचा त्रास यांना वारंवार होतो, ऐकू कमी येतं, आणि शाळेत बाई म्हणतात लक्ष देत नाही! पहिलीत घालण्याआधी कानाची तपासणी करून घ्याच. कोलांटउड्या, कबड्डी, डोक्यावर उभं राहणं बंद, पोहणं आणि सायकल खुशाल.

निदान बरोबर आहे ना ही शंका मनात असेलच. टेपने अकॉन्ड्रोप्लेजिया सिद्ध होत नाही, टेप फक्त सांगतो की पाय आखूड आहेत. आणि फसवणारे दोन तीन प्रकार आहेत जे मी प्रत्यक्ष बघितलेत.

पहिला थायरॉइडचा. थायरॉइड कमी असलेल्या मुलाचं गुणोत्तरही बाळासारखं मोठं राहतं, कारण पाय हे धडाच्या मानाने नंतर लांबतात आणि वाढ मधेच थांबली की पायांचाच तोटा जास्त होतो. पण त्या मुलाचे दंड आखूड आणि कोपराखालचा हात ठीक असं नसतं. अकॉन्ड्रोप्लेजियात सगळ्यात जास्त आखूड दंड आणि मांड्या असतात, त्यांच्या मानाने कोपराखालचा हात आणि नडगी बऱ्या, इतकं की तान्हेपणी दंडावर, मांडीवर कातडीच्या वळ्या पडतात, मायबाप समजतात बाळ गुटगुटीत आहे. थायरॉइडच्या मुलाला बद्धकोष्ठ, कोरडी कातडी, सुस्ती असते आणि हाताच्या एक्सरेत हाडाचं वय खूप मागे दिसतं. रक्ताची एक टीएसएच तपासणी केली की विषय संपतो.

दुसरा मुडदूस. आपल्याकडे पाय वाकडे आणि कपाळ पुढे दिसलं की व्हिटॅमिन डीची पावडर सुरू होते आणि वर्षानुवर्षं चालते. माझ्याकडे एक मुलगी आली होती तिला दोन वर्षं असाच डोस चालला होता, कुणी तिचे दंड बघितलेच नव्हते. मुडदुसात मनगटाची हाडं जाड होतात, एक्सरेत ग्रोथ प्लेटच्या कडा फाटल्यासारख्या दिसतात, रक्तात अल्कलाइन फॉस्फटेज वाढतं. अकॉन्ड्रोप्लेजियात हे काहीच नसतं, म्हणून ती पावडर घरात पडलेली असेल आणि व्हिटॅमिन खरोखर कमी आल्याचा रिपोर्ट नसेल तर ती देत बसू नका, जास्त झालेलं व्हिटॅमिन डी किडनीला बाधतं.

तिसरा नावानेच घोळ घालतो, स्यूडोअकॉन्ड्रोप्लेजिया. हातपाय आखूड, प्रमाण जवळपास तसंच, पण चेहरा आणि डोकं अगदी इतरांसारखं, जन्मताना लांबी नॉर्मल, आणि दोन वर्षाच्या सुमाराला पोर बदकासारखं डुलत चालायला लागलं की घरच्यांच्या लक्षात येतं. जीन वेगळा, सांधे ढिले. म्हणून मी पालकांना नेहमी विचारते की जन्मल्याबरोबर कुणी काही म्हणालं होतं का. अकॉन्ड्रोप्लेजिया जन्मतःच दिसतो, सुईण किंवा नर्स काहीतरी बोललेली असते. आठवून बघा.

आणि याच्या अगदी उलटं चित्रही असतं, धड आखूड आणि हातपाय लांब, वाव उंचीपेक्षा बरीच जास्त, उभा राहिला की हात गुडघ्याजवळ पोचतात. मॉर्कियोसारखे आजार त्यात येतात, तिथे मणकेच चपटे असतात. तुमच्या मुलाशी त्याचा संबंध नाही, पण कुणी बुटकेपणा म्हणजे सगळा एकच असं म्हणालं तर हे उदाहरण द्या.

एक्सरे परत काढायला धावू नका, आहे तोच घेऊन जा. त्यात कमरेच्या मणक्यांचा समोरून काढलेला फोटो असेल तर बघणाऱ्याला विचारा की मणक्याच्या दोन खुंट्यांमधलं अंतर खाली जाताना वाढतंय की कमी होतंय. आपल्या सगळ्यांच्यात ते खाली रुंद होत जातं, याच्यात अरुंद होत जातं, ही खूण फार बोलकी असते. हाताच्या पंज्याचा आकारही बघा, बोटं पसरली की मधलं बोट आणि अनामिका यांच्यात फट पडून त्रिशूळासारखं दिसतं. एवढं जुळलं तर निदानात शंका उरत नाही. जीन टेस्ट केली तरी हरकत नाही, जवळपास सगळ्या रुग्णांत बदल त्याच एका जागी असतो त्यामुळे तेवढीच जागा तपासणारी छोटी टेस्ट पुरते, सगळे जीन तपासायचं मोठं पॅकेज घ्यायची गरज नाही.

ग्रहणाबद्दल एवढंच की तो बदल गर्भ राहण्याआधी बीजातच झालेला असतो, पोट दिसायला लागायच्या कितीतरी आधी, त्यामुळे ग्रहणात तुम्ही भाजी चिरली की नाही याने काही फरक पडत नाही. दर 10 पैकी साधारण 8 मुलांचे आईवडील नेहमीच्या उंचीचे असतात, घराण्यात कुणी नसणं हीच नेहमीची गोष्ट आहे. हा नवा बदल जवळपास नेहमी वडिलांच्या बाजूने येतो आणि वडिलांचं वय वाढलं की शक्यता थोडी वाढते. सासूबाईंना हे सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा, मी काय बोलणार :) पुढच्या बाळाला होण्याची शक्यता 1 टक्क्याहून कमी. तुमच्या मुलाच्या स्वतःच्या मुलांना मात्र निम्मी, बायको नेहमीच्या उंचीची असेल तर.

वजनाबद्दल सावध राहा. शाळेत आरोग्य तपासणीला येतात ते उंची आणि वजन टाकून बीएमआय काढतात आणि कागदावर जास्त वजन लिहून जातात. तो हिशोब पाय नेहमीच्या लांबीचे आहेत असं धरून केलेला असतो, इथे लागू नाही. त्याची उंची, वजन, डोक्याचा घेर तिन्ही अकॉन्ड्रोप्लेजियाच्या वेगळ्या तक्त्यावर मांडायला सांगा. पण म्हणून वजनाकडे काणाडोळाही नको, कमरेचा मणका आतून अरुंद असतो आणि जादा वजन पुढे तिथेच त्रास देतं. मोठेपणी चालताना पाय भरून येतात आणि उकिडवं बसलं की बरं वाटतं अशी तक्रार आली तर ती मणक्याची असते, पायांची नाही, हे आत्ताच डायरीत लिहून ठेवा.

शाळेसाठी दोन गोष्टी. बाकावर बसला की पाय लोंबकळतात, मांडीची मागची बाजू दाबली जाते आणि कमरेचा बाक आणखी वाढतो. गुडघ्याच्या मागच्या घडीपासून टाचेपर्यंत मोजा, बाकाच्या उंचीतून ते वजा करा, तेवढ्या उंचीचा पाट सुताराकडून करून पायाखाली ठेवा आणि पाठीमागे एक कडक उशी. दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते. हात आखूड आणि कोपर सरळ होत नाही त्यामुळे संडासला गेल्यावर धुवायला हात मागे पोचत नाही, पोरं लाजून शाळेत जायचंच टाळतात, दिवसभर पाणी पीत नाहीत. घरी जेटचा फवारा लावून त्याला आत्तापासून शिकवा, शाळेत हेडबाईंना भेटून एका संडासात तो बसवून घ्या, फार खर्च नाही. पॅन्टला नाडी किंवा बटण नको, इलॅस्टिक. शर्ट पुढून बटणांचा घ्या, डोक्यावरून ओढायचा टी-शर्ट नको, त्याचं कारण तुम्हाला आता माहितीये.

मापं घेतलीत की दोघांची तिन्ही मापं आणि तारीख एका कागदावर लिहून घेऊनच डॉक्टरांकडे जा, आणि सहा महिन्यांनी तीच मापं, तीच भिंत, तोच टेप.